वेतनश्रेणी वर चढते, टेबल तिथेच राहते

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात मोर्चा जमत नाही असा महिना क्वचितच जातो. १८५७ साली बंड केलेल्या घोडदळातील शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्याच्या परिसरात मृत्युदंड दिला गेला, त्याच्याच आसपास मराठवाड्यातील शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, लिपिक आपापले फलक घेऊन गोळा होतात आणि दिल्ली दरवाजाच्या बाजूस असलेल्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे निघतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, तेव्हाही हा चौक घोषणांनी दुमदुमला होता. त्या मागणीचे न्याय्यत्व येथे वादाचा विषय नाही. प्रश्न वेगळाच आहे. या फलकांवर गेली तीस वर्षे वेतन आहे, श्रेणी आहे, महागाई भत्ता आहे, निवृत्तिवेतन आहे. परंतु नोकरीत रुजू झाल्यापासून निवृत्तीपर्यंतची चौतीस वर्षे माणूस जे काम करतो, त्या कामाविषयी एक ओळही आढळत नाही. कर्मचाऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा भाग त्याच्याच संघटनेच्या मागणीपत्रातून गळून पडावा, ही गोष्ट साधी नव्हे.

पदोन्नती खुंटलेल्या कर्मचाऱ्याचा प्रश्न राज्य शासनाने ओळखला नाही असे मात्र कोणी म्हणू नये. ८ जून १९९५ च्या शासन निर्णयाने कालबद्ध पदोन्नती योजना आली आणि ती १ ऑक्टोबर १९९४ पासून लागू झाली. बारा वर्षे एकाच पदावर काढलेल्या गट 'क' आणि गट 'ड' मधील कर्मचाऱ्यास वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यावी, असे तिचे स्वरूप होते. २००१ साली तिच्या जागी सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना आली, पुढे तिच्यात दुसऱ्या लाभाची भर पडली आणि २ मार्च २०१९ च्या निर्णयाने १ जानेवारी २०१६ पासून दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर असे तीन लाभ देण्याचे ठरले. कार्यालयीन बोलीत यालाच '१०:२०:३०' म्हणतात. हा लाभ संघटनांनी लढून मिळविला. तो फुकट पदरात पडलेला नाही, आणि ज्याच्या घरी एकच पगार येतो त्याला त्या वेतनवाढीचे मोल कोणी शिकविण्याची गरज नाही.

परंतु या योजनेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. वरच्या पदाचे वेतन मिळते, वरचे पद मिळत नाही. अधिकार तेच, स्वाक्षरीची मर्यादा तीच, टेबल तेच, बारनिशीतून येणारे टपाल तेच. शासनाने पदोन्नतीच्या दोन भागांपैकी पैशाचा भाग वेगळा काढून दिला आणि कामाचा भाग स्वतःपाशी ठेवला. संघटनांनी तो व्यवहार मान्य केला, इतकेच नव्हे तर तोच विजय म्हणून साजरा केला.

एक उदाहरण घ्यावे. समजा, एक तरुण २००१ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी मराठवाड्यातील एखाद्या तहसील कार्यालयात लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाला. विभागीय परीक्षा मुदतीत उत्तीर्ण झाला, २०१२ साली अव्वल कारकून झाला. ही त्याची पहिली प्रत्यक्ष पदोन्नती आणि तीच योजनेतील पहिला लाभ म्हणून गणली गेली. २०२१ साली वीस वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्या लाभात त्याला नायब तहसीलदाराच्या पदाचे वेतन मिळाले. खुर्ची मात्र अव्वल कारकुनाचीच राहिली, कारण एका तहसील कार्यालयात नायब तहसीलदारांची पदे मूठभर असतात, त्यांपैकी काही लोकसेवा आयोगाकडून थेट भरली जातात, आणि उरलेल्या जागांसाठी अव्वल कारकून व मंडळ अधिकारी अशा दोन रांगा उभ्या असतात. त्यात ज्येष्ठता याद्यांचे वाद, बिंदुनामावलीची रखडपट्टी आणि २०१७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पदोन्नतीतील आरक्षणाचा झालेला विचका. या विचक्याचा सर्वाधिक फटका ज्यांच्या दोन पिढ्यांनी प्रथमच कार्यालयाचा उंबरठा ओलांडला त्या मागासवर्गीय कर्मचाऱ्यांस बसला. पिरॅमिड वर निमुळता असतो हे भूमितीचे सत्य झाले; तो मध्येच बंद करणे हा माणसांचा उद्योग आहे.

आता पुढची गंमत पाहा. समजा, आणखी चार वर्षांनी खरोखरच त्याच्या नावाचा पदोन्नतीचा आदेश निघाला. त्या पदाचे वेतन त्याला आधीच मिळालेले असल्यामुळे प्रत्यक्ष पदोन्नतीवेळी वेतननिश्चितीचा नवा लाभ होत नाही. जबाबदारी वाढते, बहुधा गाव बदलते, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो आणि हाती रुपया अधिक येत नाही. नकार द्यावा तर मिळालेला लाभच काढून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्या पदाची वीस वर्षे वाट पाहिली ते समोर येते तेव्हा ते बक्षीस वाटत नाही, शिक्षा वाटते. योजनेने पठारावर बसण्याचे दुःख कमी केले हे खरे. त्याबरोबर पठारावरून उठण्याचे कारणही काढून घेतले.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ बार्डविक यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नोकरीतील पठारांचा विचार करताना एक उपयुक्त भेद केला आहे. एक पठार रचनेचे असते: वर जागाच उरत नाहीत. दुसरे आशयाचे असते: कामात शिकण्यासारखे काही उरत नाही. (तिसरे आयुष्याचे, त्याची चर्चा येथे नको.) पहिले पठार जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि त्यात त्या व्यक्तीचा दोष नसतो. दुसरे मात्र अटळ नसते. आश्वासित प्रगती योजना पहिल्या पठाराची भरपाई देते आणि दुसऱ्याकडे पाहतही नाही. उलट शासनाच्याच नियमांत एक तरतूद अशी आहे की जी दुसऱ्या पठाराला राजमान्यता देते: वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यास विभागीय परीक्षेतून सूट मिळते. माणुसकीच्या दृष्टीने ही सवलत समजण्यासारखी आहे. तथापि उदाहरणातील आपला कर्मचारी २०२२ साली पंचेचाळिशीचा झाला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हणजे २०३५ साली निवृत्त होणार असे धरले, तर चौतीस वर्षांच्या सेवेतील तेरा वर्षे शिल्लक असतानाच शासन त्याला सांगते की यापुढे तू काही शिकला नाहीस तरी चालेल. सेवेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काळासाठी शिक्षणमाफी! शेतसाऱ्याची माफी दुष्काळात मिळते; येथे माफीच दुष्काळ निर्माण करते.

हे दुसरे पठार आले हे कसे ओळखावे? कार्यालयात त्याची खूण अगदी उघड असते. नवे प्रकरण आले की 'मागची टिपणी काढ' असा हुकूम सुटतो; मागच्या टिपणीतील नाव, गाव आणि तारीख बदलली की नवी टिपणी तयार होते. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची टिपणी शेजारी ठेवून पाहावी. शब्द तेच, परिच्छेदांचा क्रम तोच, कधी कधी रद्द झालेल्या शासन निर्णयाचा क्रमांकही तसाच पुढे चालत आलेला दिसेल. दुसरी खूण अशी की, तो कर्मचारी रजेवर गेला म्हणजे त्या टेबलाचे काम थांबते. साहेब म्हणतात, 'त्यांना येऊ द्या, त्यांनाच माहीत आहे.' वरवर पाहता हे त्याच्या महत्त्वाचे प्रमाणपत्र वाटते. वस्तुतः तेच त्याच्या कुंठिततेचे मूळ आहे आणि या मुळापर्यंत गेल्यावाचून पुढची चर्चा व्यर्थ आहे.

ज्याची पदोन्नती थांबली, ज्याला स्वाक्षरीचा अधिकार नाही, ज्याच्या शब्दाने काही ठरत नाही, त्याच्यापाशी सत्ता म्हणून एकच गोष्ट उरते: त्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याला ठाऊक नाही. कोणता शासन निर्णय कोणत्या शुद्धिपत्रकाने बदलला, कोणती संचिका कोणत्या गठ्ठ्यात आहे, कोणत्या गावच्या अहवालावर विसंबू नये, हे सारे त्याच्या डोक्यात असते. ही डोक्यातील संचिका हेच त्याचे भांडवल. ते कागदावर उतरविणे म्हणजे आपली शेवटची मिळकत वाटून टाकणे, अशी त्याची भावना असते आणि ती अजिबात मूर्खपणाची नाही. परंतु जो ज्ञान दडवून ठेवतो त्याला ते राखत बसावे लागते. आणि राखणदाराला जागा सोडता येत नाही. त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवता येत नाही, म्हणून तो नवे शिकत नाही. नवे शिकत नाही म्हणून जुन्याला अधिकच घट्ट धरतो. कामचुकारपणाचे जे आरोप या वर्गावर नित्य होतात त्यांना ही गाठ दिसतच नाही.

ती सोडविण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची जी फेररचना केली ती पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर गाजली. तिची आठवण लोक सुबक गठ्ठे, रंगविलेल्या भिंती आणि नागरिकांसाठी मांडलेल्या बाकांमुळे काढतात. तिचा गाभा मात्र वेगळा होता. प्रत्येक टेबलाचे काम, त्याची कार्यपद्धती आणि त्याला लागू असणारे आदेश लिहून काढायचे, म्हणजे काम व्यक्तीच्या डोक्यातून टेबलाच्या मालकीचे करायचे. आज सरकारी कार्यालयांत ज्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात तिच्यात प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद असे सहा भाग असतात. यांपैकी चौथ्या गठ्ठ्यात, स्थायी आदेश संचिकेत, पठारावरील कर्मचाऱ्याचे सारे भवितव्य दडलेले आहे. आणि बहुतेक कार्यालयांत तपासणीच्या आदल्या दिवशी घाईने तयार होणारा गठ्ठाही तोच.

प्रत्यक्ष काय करता येते ते एका टेबलावरून पाहू. आपल्या उदाहरणातील अव्वल कारकुनाकडे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे टेबल आहे असे समजू. विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली माणसे येथे येतात. २०२३ साली अनुदान महिना दीड हजार झाले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा मात्र एकवीस हजारांवरच ठेवली गेली, याचा विचार सरकारने कधी केला असेल काय, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. अर्ज येतो, तलाठ्याचा अहवाल लागतो, टेबलावर छाननी होते, तालुका समितीपुढे प्रकरण जाते, मंजुरी वा नामंजुरी ठरते. अव्वल कारकुनाचे पारंपरिक काम म्हणजे कागद अपुरा असल्यास अर्ज त्रुटीत काढणे आणि पुरा असल्यास समितीच्या यादीत घालणे. वीस वर्षांच्या अनुभवी माणसाला हे काम करण्यास डोळेसुद्धा पुरते उघडावे लागत नाहीत.

त्याने पहिली गोष्ट करावी ती ही की, जो अर्ज परत जातो त्याचे कारण एका साध्या वहीत लिहावे: दिनांक, गाव, कोणता कागद कमी, आणि अर्जदार याआधी कितीदा येऊन गेला. कार्यविवरण नोंदवही प्रत्येक टेबलास असतेच. तिच्यात किती आले व किती निकाली निघाले हे कळते, का अडले हे कळत नाही. ही वही तीन ते चार महिने प्रामाणिकपणे ठेवली की एक आकार दिसू लागतो. समजा असे आढळले की त्रुटीतील मोठा भाग कागदपत्रांच्या अभावाचा नाहीच. अर्ज आला तेव्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडलेला होता, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि समितीची बैठक भरली मे महिन्यात. म्हणजे जानेवारीत अर्ज देणारी विधवा स्वतःच्या चुकीमुळे परत जात नाही, समितीच्या दिनदर्शिकेमुळे जाते. हे सत्य त्या टेबलावर दरवर्षी उपस्थित होते. अव्वल कारकुनाला ते अंधुक माहीतही होते. परंतु ते मोजले गेले नव्हते, म्हणून ते कोणाचेच नव्हते.

दुसरी पायरी म्हणजे एक पानाची टिपणी. ती मागची टिपणी काढून लिहिता येणार नाही, कारण अशी टिपणी मागे कोणी लिहिलेलीच नसते. तिच्यात वहीतील मोजणी, कारण आणि एकच प्रस्ताव असावा: समितीची एक बैठक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वी ठेवावी आणि तोपर्यंतचे सर्व पूर्ण अर्ज तीत घ्यावेत. त्याबरोबर एक मागणी स्वतःच्या अधिकाराची करावी: त्रुटीचे पत्र साहेबांच्या सहीसाठी पंधरा दिवस थांबविण्याऐवजी ते अर्ज आला त्याच दिवशी टेबलाच्या स्तरावरून देण्याची मुभा लेखी आदेशाने मिळावी. २००५ च्या बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध अधिनियमाने कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये असे सांगितलेलेच आहे. तेव्हा ही मागणी उपकाराची नव्हे, कायद्याच्या अंमलबजावणीची आहे. प्रस्ताव लहान असावा. पहिल्याच झटक्यात सारी योजना सुधारण्याचा आराखडा सादर करणाऱ्याची टिपणी 'पाहिले' या एका शब्दाखाली गाडली जाते.

तिसरी पायरी सर्वांत कठीण, कारण तिच्यात ते भांडवल वाटायचे असते. योजनेचे शासन निर्णय तारखेच्या क्रमाने लावून, रद्द झालेल्यांवर कोणत्या निर्णयाने रद्द झाले ते लिहून, आणि शेवटी स्वतःच्या अनुभवातील अडचणीची दहा-बारा प्रकरणे व त्यांचे निकाल मांडून स्थायी आदेश संचिका पुरी करावी. अलीकडच्या काळात रक्कम थेट आधारसंलग्न खात्यात जाऊ लागल्यापासून ज्यांचे बोटांचे ठसे उमटत नाहीत वा खाते संलग्न नाही अशा वृद्धांची प्रकरणे अडू लागली. त्यांची वाट कोणती, हे नव्या लिपिकास कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही, ते याच संचिकेत मिळेल. मग आठवड्यातील दोन दिवस तिच्या आधारे एका महसूल सहायकास त्या टेबलावर बसवावे आणि अव्वल कारकुनाने स्वतः ते दोन दिवस शेजारच्या, जमिनीच्या किंवा पुनर्वसनाच्या, टेबलावर नवशिक्या म्हणून बसावे. पन्नाशीजवळच्या माणसाने तीस वर्षांच्या सहकाऱ्यास 'हे कसे करतात?' असे विचारणे सोपे नसते. पठार फुटल्याची पहिली खात्रीची खूण मात्र तीच असते. दुसरी खूण पुढे दिसते: तो आठ दिवस रजेवर गेला आणि टेबल थांबले नाही.

येथे एक भेद न केल्यास सारा विचार शासनाच्या सोयीचा होऊन बसेल. राज्यातील कार्यालयांत पदे मोठ्या प्रमाणावर रिक्त आहेत आणि एकेका कर्मचाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आहे. दोन टेबलांचे टपाल फोडणे म्हणजे भूमिका विस्तारणे नव्हे. तेच काम दुप्पट झाले तर शिकणे शून्याने वाढते आणि थकवा दुपटीने. भूमिका बदलते ती तेव्हा, जेव्हा कामात निर्णयाचा, मोजमापाचा किंवा शिकविण्याचा अंश वाढतो आणि त्या बदल्यात यांत्रिक कामाचा काही भाग लेखी आदेशाने काढून घेतला जातो. काय वाढले याबरोबर काय कमी झाले, हा प्रश्न ज्याने विचारला नाही त्याने नवी भूमिका म्हणून नवी वेठ पत्करली असे समजावे. पदनामे बदलल्यानेही काही साधत नाही. लिपिक-टंकलेखकाचा महसूल सहायक झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. पाटी बदलली, पाटीखालचे दप्तर तेच आहे.

व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी या विषयावर आपली फुले वाहिली आहेतच. २००१ साली, म्हणजे योगायोगाने आश्वासित प्रगती योजना आली त्याच वर्षी, एमी व्रेस्निएव्स्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी कर्मचारी स्वतःचे काम स्वतःच कसे घडवितो याविषयी एक गाजलेला लेख लिहिला. त्यांनी एका रुग्णालयातील सफाई कामगारांचा दाखला दिला: त्यांतील काहींनी स्वतःला रुग्णसेवेचा भाग मानले, रुग्णांशी बोलणे, परिचारिकांच्या वेळा पाहून काम लावणे अशी कामे आपणहून उचलली, आणि त्यांना त्याच कामात अर्थ सापडला. निरीक्षण मोलाचे आहे. ते खोटे ठरविण्याचे कारण नाही. पण त्या कामगारांनी आपणहून उचललेल्या कामाची नोंद त्यांच्या वेतनात वा पदात झाली काय, हा प्रश्न अशा लेखनाचा आधार घेऊन भरणाऱ्या शिबिरांत विचारला जात नाही. 'स्वतःला नव्याने घडवा' हा उपदेश जेव्हा अधिकार, वेळ आणि संरक्षण यांच्याविना येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होतो की, मालकाने पायऱ्या काढून घ्याव्यात आणि नोकराने उडी मारण्यास शिकावे.

आणि म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीचा राहत नाही, संघटनेचा होतो. अव्वल कारकुनाने वही ठेवली, टिपणी लिहिली, संचिका वाटली. पुढे काय होते? साहेब ती टिपणी आपल्या नावाने वर पाठवतात. सहकारी म्हणतात, 'यांच्यामुळे उद्या सर्वांना वही ठेवावी लागेल.' तहसीलच्या फाटकाबाहेर त्रुटी दूर करून देण्याचा धंदा करणारे दलाल एखादी निनावी तक्रार धाडून देतात. गट 'क' मधील कर्मचाऱ्यास सहसा सहा वर्षांनी कार्यालय सोडावेच लागते, पण तक्रार झाल्यास सहा महिन्यांतही लागू शकते. आणि अधिकारी बदलला की नवा उपक्रम पाचव्या गठ्ठ्यातून सहाव्यात जातो, हा अनुभव नवा नाही. लखिना यांच्यामागे जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची होती. अव्वल कारकुनामागे कोण आहे? त्याच्यामागे असावयास हवी ती संघटना त्या वेळी १०:२०:३० च्या थकबाकीचा तक्ता भरण्यात मग्न असते.

संघटनांच्या नेत्यांचे यावरचे उत्तर ठरलेले आहे: कामाची सुधारणा हे प्रशासनाचे काम, आमचे काम वेतनाचे. हे उत्तर ऐकण्यास कणखर वाटते. त्यात एक शरणागती आहे. कामाचे स्वरूप ठरविण्याचा अधिकार एकदा मालकाचा म्हणून सोडून दिला की त्याने त्या कामाचे तुकडे करून ते बाहेरच्या कंत्राटदारास दिले तरी बोलण्यास जागा उरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि जनक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्या वेळी संघटनांनी निकराने विरोध केला, परंतु 'हे काम कायम कर्मचाऱ्यानेच का करावे?' या प्रश्नाला त्यांच्यापाशी हक्काखेरीज दुसरे उत्तर नव्हते. जे काम मागची टिपणी काढून होते ते कंत्राटी मुलगाही करू शकतो, आणि आज अनेक कार्यालयांत तोच ते करतो. त्याच्या वाट्याला पठारही नाही, कारण त्याला मुळात पायरीच नाही. ज्या अव्वल कारकुनाने निराधारांच्या टेबलावर मार्चपूर्वीची बैठक घडवून आणली त्याचे काम मात्र कंत्राटात लिहिता येत नाही. कामाचा आशय हीच नोकरीची तटबंदी आहे, हे संघटनेने ओळखावयास हवे होते.

पुढच्या वेळी क्रांती चौकातून मोर्चा निघेल तेव्हा निवेदनात वेतनाच्या मागण्या जरूर असाव्यात. प्रत्यक्ष पदोन्नती स्वीकारणाऱ्यास वेतननिश्चितीत किमान एक वाढ मिळावी, ही मागणी त्यांत अग्रभागी हवी. कारण तिच्यावाचून पदोन्नती ही शिक्षाच राहते. त्याखाली आजवर कधी न लिहिलेले चार शब्द लिहावेत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास कार्यालयातल्या कार्यालयात दर तीन वर्षांनी टेबल बदलून मिळावे आणि बदलापूर्वी पंधरा दिवस शिकण्यासाठी मोकळे असावेत. पंचेचाळिशीनंतर परीक्षेची सूट कायम ठेवून त्याच वयात प्रशिक्षणाचा हक्क द्यावा, आणि ते प्रशिक्षण सभागृहातील व्याख्यानाचे नसून दुसऱ्या टेबलावर बसून घेतलेले असावे. स्थायी आदेश संचिका तयार करणाऱ्याचे नाव तिच्या पहिल्या पानावर आणि त्याच्या गोपनीय अहवालात नोंदवावे. तीत लिहिलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे काम केले म्हणून त्याच्यावर तक्रार आल्यास प्राथमिक चौकशीपूर्वी त्याची बदली करू नये. आणि ज्येष्ठ कर्मचाऱ्याने नवागतास शिकविण्यात घालविलेले दिवस कार्यविवरण नोंदवहीत काम म्हणून धरावेत. आज त्या दिवसांपुढे 'निरंक' असे लिहिले जाते.